आलोच

त्याचं खरं नाव सांगत नाही. आमच्या कट्ट्यावर त्याला 'आलोच' म्हणतात, कारण फोन उचलल्यावर 'हॅलो'च्या जागी तो तेच म्हणतो.

बेळगावात येण्याचे काळ शाळेतल्या व्याकरणाप्रमाणे चालत नाहीत. 'येतो' म्हणाला तर विषय त्याच्या कानावर गेला आहे, एवढंच समजायचं. 'येऊलालोय' म्हणाला, म्हणजे पुण्याकडच्या भाषेत 'येत आहे', तर तो घरातच आहे, पण खुर्चीतून उठला आहे. आणि 'आलोच' हा चक्क भूतकाळ ऐकू आला की ओळखावं, आंघोळीचं पाणी काढलं. कन्नडातही हीच सोय आहे. 'बंदे री' म्हणजे शब्दशः 'आलो हो', आणि म्हणणारा अजून चप्पल शोधत असतो. आमच्या भागात या दोन भाषांचं फारशा गोष्टींवर एकमत होत नाही. न आलेल्या माणसाला आलेला ठरवण्यावर मात्र आहे.

आलोच राहतो शहापुरात. पूर्वी त्याला कपिलेश्वरजवळच्या रेल्वे गेटाचा आधार होता. 'गेट पडलंय' म्हटलं की समोरचा गप्प, कारण गेट खरंच पडायचं. मग तिथे उड्डाणपूल झाला. सगळं गाव खूश होतं, हा एकटा सुतकात. पुढचे सहा महिने तो सवयीने गेटच पाडत होता.

माणूस लबाड नाही, हीच पंचाईत. लबाड असता तर सोडून दिला असता. उशिरा येतो तो पाव किलो कुंदा घेऊन येतो, आणि चेहऱ्यावर असा आनंद की वाट बघण्याचं भाग्य आपल्याला मिळालं याबद्दल आपणच त्याचे आभार मानावेत. त्याचं चुकतं ते हिशेबात. शहापूर ते मध्यवर्ती बसस्टँड दहा मिनिटं, हे तो एकदा, कधीतरी, पहाटे साडेपाचला गाडीवरून आला होता तेव्हाचं माप. किल्ली शोधणं, पेट्रोल भरणं, खडेबाजारात भेटलेल्या माणसाच्या सासऱ्यांची तब्येत विचारणं, हे त्या मापात नाही. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४. सगळंच उलटं झालं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५. आणि त्यांच्या वाटेत खडेबाजारही नव्हता.

मी उपाय केले. आधी रागावलो. रागावल्यावर तो म्हणाला, "मर्दा, १९५६ पासून महाराष्ट्रात जायची वाट बघूलालाय, माझी वीस मिनिटं जड झाली काय?" यावर काय बोलणार! आठ दिवसांनी उत्तर सुचलं की ती वाट बघायला सगळा भाग सोबत आहे, तुझी मी एकटाच बघतो. पण आठ दिवसांनी सुचलेलं उत्तर म्हणजे उशिरा आलेला आलोचच.

मग खोटी वेळ सांगितली. सातची बस असली की 'साडेसहाला ये'. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा त्याने ओळखलं आणि मी सांगितलेल्या वेळेत तो स्वतःच अर्धा तास मिळवू लागला. मग मी एक तास वजा करायला लागलो. त्याच्या मनगटावरचं घड्याळ आधीच दहा मिनिटं पुढे होतं आणि ते पुढे आहे हे त्याला तोंडपाठ होतं. महिनाभरात आमच्यात अशी महागाई वाढली की संध्याकाळी पाच म्हणजे नक्की किती, हे दोघांनाही कागद घेतल्याशिवाय कळेना.

कडेलोट झाला तो निपाणीच्या लग्नात. साडेबाराचा मुहूर्त. बेळगाव ते निपाणी पाऊणशे किलोमीटर. आठच्या बसने गेलो असतो तर नवऱ्या मुलाबरोबर चहा झाला असता. आलोच आला दहाला, आणि आलेली बस संकेश्वरला मुक्कामाला आल्यासारखी थांबली. तवंदी घाट उतरताना मी घड्याळाकडे बघत होतो, तो खिडकीबाहेर. कार्यालयात शिरलो तेव्हा फोटो चालू होते आणि आमच्या वाटच्या अक्षता पायाखाली होत्या. नवरा मुलगा माझ्या शाळेतल्या मित्राचा. मित्र काही बोलला नाही, 'जेवून घ्या' म्हणाला. ते 'घ्या' मला लागलं. आमच्यात चाळीस वर्षं 'घे' होतं.

परतीच्या बसमध्ये मी तोंड उघडलं असतं तर मैत्री हत्तरगीच्या टोलनाक्यावर उतरली असती. म्हणून गप्प बसलो. दोन दिवसांनी त्याला चहाला नेलं, अशा दिवशी की कुठे जायचं नव्हतं, म्हणजे कुणाला उशीर होऊच शकत नव्हता. मनाशी एक ठरवलं होतं: 'नेहमी' हा शब्द काढायचा नाही. 'तू नेहमी' म्हटलं की समोरचा वेळेवर आलेले तीन दिवस पुराव्यासकट काढतो, आणि मग भांडण त्या तीन दिवसांवर.

म्हटलं, "परवा अक्षता चुकल्या. त्याच्या पोराच्या डोक्यावर मला टाकायच्या होत्या. दोन दिवस झोप नाही लागली."

तो कुंद्यासाठी खिशात हात घालायला लागला. म्हटलं, "कुंदा नको. एवढंच सांगतो, यापुढे मी माझ्या बसला बसणार. तू आलास तर शेजारी जागा आहे. नसलास तर मागच्या बसने ये, तिथे भेटू. मी फोन करणार नाही आणि रागावणारही नाही."

"सोडून जाणार मला?"

"बस जाणार. मी फक्त आत बसलेला असणार."

तो बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "बरं. खरं फोन तरी कर की." (हे 'खरं' म्हणजे आमच्याकडचं 'पण'.) फोनला नाहीच म्हटलं. 'कुठं हाईस' विचारलं की 'आलोच' येणार, आणि आलोच म्हटल्यावर मी थांबणार. निम्मा उशीर त्या फोनातच मुरलेला असतो, हे मला एवढ्या वर्षांनी कळलं होतं.

या करारात एक कलम न बोललेलं होतं. ज्या वस्तूवाचून अडेल ती आलोचच्या हातात ठेवायची नाही. आहेराचं पाकीट, पत्ता, तिकिटं, सगळं माझ्याकडे. त्याची गाडी असली की मात्र हा उपाय पांगळा, कारण ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला सोडून जाता येत नाही. तेव्हा मी सरळ त्याच्या घरी जाऊन बसतो. वहिनी पोहे देतात, आणि वाट बघणं निदान पंख्याखाली होतं.

पहिली परीक्षा पुन्हा निपाणीचीच, बारशाची. सव्वाआठला कंडक्टरने 'रैट' म्हटलं. मी आत, शेजारची जागा रिकामी. खरं सांगतो, काकतीपर्यंत मलाच चोर असल्यासारखं वाटलं. दोनदा फोन हातात घेऊन परत ठेवला. हत्तरगीला त्याचाच आला.

"कुठं हाईस?"

"हत्तरगी."

तिकडे शांतता. मग, "खरंच गेलास की रे."

"मागे दुसरी लागलेली असेल बघ. जेवायच्या वेळेला पोचशील. तुझं पान धरून ठेवतो."

आवाजात राग नव्हता, याचं मलाच आश्चर्य वाटलं. राग यायला आधी थांबावं लागतं, आणि मी थांबलोच नव्हतो. तो पोचला तेव्हा पाळणा होऊन गेला होता. सगळ्यांनी त्याला विचारलं, बाळाचं नाव काय ठेवलं? त्याला माहीत नव्हतं. मी काही बोललो नाही. त्याच्या पानावर फक्त एक जिलेबी जास्त वाढायला सांगितली.

तेव्हापासून तो वेळेवर येतो असं नाही. दहापैकी पाचदा येतो म्हणू. पण व्याकरण सुधारलं. गेल्या रविवारी कोल्हापूरला जायचं होतं. सकाळी सात वाजता त्याचा मेसेज आला: 'अजून अंथरुणात हाय. तू जा. मी नऊची धरतो.' दोघांच्या चाळीस वर्षांतला हा त्याचा पहिला वर्तमानकाळ. मी मेसेज बायकोलाही दाखवला.