मामांचा अप्रेझल फॉर्म

कंपनीच्या ड्रायव्हरचा अप्रेझल फॉर्म ज्याने कोणी तयार केला, तो बहुधा मागच्या सीटवर बसल्या बसल्या झोपणारा माणूस असावा. सुरक्षितता, वक्तशीरपणा, वाहनाची निगा, इंधन व फेऱ्यांच्या नोंदीतला प्रामाणिकपणा असे चार रकाने, प्रत्येकाला पाचपैकी गुण. खाली ‘पुढाकार’ आणि ‘संघभावना’सुद्धा आहेत, कारण हाच फॉर्म अकाउंट्सच्या लोकांनाही जातो. ड्रायव्हरने संघभावना नेमकी कुठे दाखवायची? समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याशी?

दर मार्चमध्ये हे फॉर्म माझ्या टेबलावर येतात. गाड्या, लिफ्ट, पाण्याची टाकी आणि ड्रायव्हर हे सगळं ॲडमिनकडे, म्हणजे माझ्याकडे. पुण्यातल्या कंपन्यांत पन्नाशीच्या आसपासचा प्रत्येक ड्रायव्हर ‘मामा’ असतो. आमच्याकडेही आहेत. इनोव्हा चालवतात, कमी बोलतात, आणि मला ‘मॅडम’ म्हणताना दरवेळी नजर गाडीच्या चाकाकडे असते.

सुरक्षिततेचे गुण देण्याची रूढ रीत सोपी आहे. वर्षभरात ठोकली का? नाही? मग पाच. या हिशेबाने शेडमध्ये आच्छादन घालून ठेवलेली गाडी सगळ्यात सुरक्षित. खरं बघायचं तर मुंबईहून परतताना नव्हे, मुंबईला जाताना बोरघाट उतरताना मागे बसावं. काही ड्रायव्हर उताराला गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात आणि वर ‘डिझेल वाचवतो’ म्हणून सांगतात. एक तर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. दुसरं म्हणजे यात डिझेल वाचतही नाही. आजकालच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते प्यावंच लागतं. मामा घाट ज्या गिअरमध्ये चढतात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरतात. इंजिन घुरघुरतं, मागचे साहेब ‘गाडीला काय झालंय?’ म्हणून विचारतात, आणि मामा ‘काही नाही साहेब’ म्हणतात.

घाट संपला की चहाच्या थांब्यावर मामांचा एक विधी असतो. ते चारी चाकांपाशी वाकतात आणि हाताची मागची बाजू रिमच्या जवळ नेतात, टेकवत नाहीत. डावं-उजवं सारखंच गरम असेल तर चहा. एखादंच जास्त तापलेलं लागलं तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहतोय, हे त्यांना गॅरेजवाल्याच्या आधी कळतं. फॉर्ममधल्या ‘वाहनाची निगा’ या रकान्याला हे दिसत नाही. त्याला बोनेट चकचकीत लागतं. गाडी धुणं वाईट नाही, पण निगा बघायची तर खाली वाकून टायर बघावा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवून गाडी पळवलेली आहे, मध्यभाग झिजला असेल तर हवा जास्त, आणि एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट गेलेली असून कोणी गॅरेजला नेलेली नाही. फडक्याने पुसून हे जात नाही.

वक्तशीरपणाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो रकाना ड्रायव्हरचा नसतोच. पावणेसहाला गाडी दारात लागते आणि सव्वासहाला साहेब ‘आलोच’ म्हणतात. मग विमान गाठायची जबाबदारी मामांच्या उजव्या पायावर येते. पोचले तर वक्तशीर, कॅमेऱ्याने टिपलं तर बेजबाबदार. ई-चलनाचा मेसेज कंपनीच्या नंबरवर येतो. त्यात वेग असतो, वेळ असते, जागा असते. ‘आलोच’ नसतं.

खरी मजा प्रामाणिकपणाच्या रकान्यात आहे.

टोलच्या पावत्यांतली गंमत 2021च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हाच संपली. गाडी कुठल्या नाक्यावरून किती वाजता गेली, हे आता ड्रायव्हरच्या आधी मला कळतं. उरलं ते डिझेल. अकाउंट्सवाले त्याचं ॲव्हरेज बघतात. महिन्याचे किलोमीटर भागिले महिन्याचे लिटर. आकडा स्थिर असेल तर हिरवी खूण, हलला तर लाल.

गेल्या वर्षी मामांच्या नावापुढे लाल खूण आली. एका टाकीला 574 किलोमीटरला 41 लिटर, म्हणजे चौदाचं ॲव्हरेज. पुढच्या टाकीला 436 किलोमीटरला 40 लिटर, म्हणजे जेमतेम अकरा. ‘22 टक्के तफावत, खुलासा मागवावा.’ दुसऱ्या इनोव्हाचा तरुण ड्रायव्हर मात्र महिनोन्‌महिने साडेअकरावर. 11.4, 11.5, 11.5, 11.4. त्याच्यापुढे हिरवी खूण आणि शेरा: ‘सातत्य वाखाणण्याजोगे’.

मी दोन्ही लॉगबुकं घेऊन बसले. मामांची वही म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशीचं स्वयंपाकघर. तीन रंगांची शाई, एका पानावर चहाचा डाग, अक्षर कधी मांडीवर लिहिलेलं तर कधी बोनेटवर. पण आजचं संपतानाचं रीडिंग आणि उद्याचं सुरू होतानाचं रीडिंग तंतोतंत जुळत होतं. रात्रीत गाडी एक किलोमीटरही चाललेली नव्हती. प्रत्येक वेळी टाकी फुल, नोझल आपोआप बंद होईपर्यंत, आणि बिलाच्या पाठीमागे पेनाने रीडिंग. दुसरी वही सुरेख होती. एकच पेन, एकच तिरकी ओळ. बहुतेक रीडिंगांचा शेवटचा आकडा शून्य किंवा पाच. गाडीचा मीटर काही पाचाच्या पाढ्यात पळत नाही. अर्थात शनिवारी बसून आठवड्याचं लिहून काढणं हा आळस झाला, चोरी नव्हे. तेवढ्यावरून मी कोणाला चोर म्हणणार नाही.

आधी लाल खूण. चौदा आलं ती टाकी नाशिक आणि कोल्हापूरच्या रस्त्यावर संपली होती. अकरा आलं ती सगळी पुण्यातच, त्यात विमानतळाच्या फेऱ्या. मामांच्या वहीत ‘पोचलो’ आणि ‘निघालो’ अशा वेळाही असतात. त्या फरकांची बेरीज केली तेव्हा गाडी चालू ठेवून उभं राहण्याचे सहा तास निघाले. या आकाराचं डिझेल इंजिन एसी लावून उभं राहिलं तर तासाला पाऊण ते एक लिटर सहज पितं. म्हणजे पाच लिटर धरा. चाळिसातून पाच वजा केले की 436ला 35, साडेबाराच्या जवळ. उरलेली दीडची तूट पुण्याच्या सिग्नलांची. ती ज्याला पटत नाही त्याने संध्याकाळी सातला हिंजवडीहून निघून बघावं.

“मामा, गाडी बंद का नाही करत तुम्ही?”

“साहेब म्हणतात, एसी चालू राहू दे, दहा मिनिटांत येतो.”

“आणि किती वेळाने येतात?”

“लिहिलंय ना मॅडम वहीत.”

आता हिरवी खूण. पुण्यातले सिग्नल, कोल्हापूरचा हायवे, पावसाळा, मे महिना, सगळ्यात एकच ॲव्हरेज कसं? त्याची बिलं बघितली. दोन हजार, अडीच हजार, तीन हजार. सगळी गोल रकमेची, एकदाही टाकी फुल नाही. टाकीत आधी किती होतं आणि नंतर किती झालं, हे कोणालाच सांगता येणार नाही अशी व्यवस्था. डिझेलची चोरी होत असेल तर ॲव्हरेज घसरेल आणि आपण पकडू, अशी अकाउंट्सची समजूत असते. पण पहिल्या महिन्यापासूनच ॲव्हरेज खाली ठेवलं तर घसरायला जागाच उरत नाही. मग महिन्याचे किलोमीटर घ्यायचे, साडेअकराने भागायचं, दराने गुणायचं आणि पंपावरच्या ओळखीच्या पोराकडून तेवढी बिलं घ्यायची. हिशेब उलटा, पण पक्का.

तरी हा तर्कच होता. पाय आपटून क्लच दाबणाऱ्याचंही ॲव्हरेज कमी येतं. म्हणून पंधरा दिवस मी दोघांच्या गाड्या बदलल्या. पंप एकच, नोझल तेच, ऑटो कट झाला की एक थेंब वर नाही. एका टाकीवरून मत बनवायचं नाही, कारण गाडी थोडी तिरकी उभी राहिली तरी लिटर-दीड लिटर इकडेतिकडे होतं. तीन-चार टाक्यांत ते मिटतं. आणि ‘55 लिटरच्या टाकीत 58चं बिल, सापडला!’ असंही ओरडायचं नाही. कंपनी सांगते त्यापेक्षा टाकीत थोडं जास्त मावतं, वर वाफेसाठी जागा सोडलेली असते.

साडेअकराची गाडी मामांच्या हातात गेली आणि हायवेवर पावणेचौदा, शहरात अकरा, परत हायवेवर साडेतेरा असं बोलू लागली. तरुण ड्रायव्हरला मी मामांची गाडी दिली, पण टाकी फुल करायचा नियम मात्र मुद्दाम दुसऱ्या आठवड्यापासून लावला. पहिल्या आठवड्यात त्या गाडीचं ॲव्हरेज साडेअकरा. दुसऱ्या आठवड्यात एकदम तेराच्या वर. पवळ्याला ढवळ्याचा गुण लागायला एक आठवडा पुरला आणि उतरायलाही एकच.

त्या मुलाला बोलावलं तेव्हा तो भांडला नाही. त्याचं पुढे काय झालं ते एचआरच्या फायलीत आहे, इथे नको. अकाउंट्सना मी फ्लीट कार्ड, एकच पंप आणि बिलासोबत मीटरचा फोटो एवढं मागितलं. ते मिळालं. ‘सातत्य वाखाणण्याजोगे’ हा शेरा मात्र अजून सिस्टिममध्ये आहे. तो काढायला मुंबईच्या हेड ऑफिसची परवानगी लागते.

मामांच्या प्रामाणिकपणाला मी पाचपैकी पाच दिले आणि खुलाशाच्या जागी सहा तासांची बेरीज लिहिली. शिवाय लॉगबुकात एक नवा रकाना आखला, ‘गाडी उभी, इंजिन चालू’. त्यात मिनिटं मामांनी लिहायची आणि सही गाडीत बसणाऱ्याने करायची. पहिल्या महिन्याअखेरीस बेरजा मारल्या. सगळ्यात जास्त मिनिटं ज्यांच्या सहीपुढे लागली, मामांच्या अप्रेझलवर शेवटची सही त्यांचीच होती.

फॉर्म मी दुपारच्या जेवणानंतर पाठवला. तेव्हा साहेब जरा मऊ असतात.