जानेवारीत आरपीएम पडला म्हणून चॅनेल बदलू नका

जानेवारी लागला की यूट्यूबवर चॅनेल चालवणाऱ्यांची तक्रार ठरलेली: व्ह्यूज तेवढेच आहेत, पैसे मात्र घसरले. मग कुणी रोज व्हिडिओ टाकायचा सपाटा लावतो, तर कुणी चांगल्या चाललेल्या रेसिपी सोडून म्युच्युअल फंडावर बोलायला लागतो. निदान न करताच औषध सुरू!

आरपीएम म्हणजे यूट्यूबचा वाटा वजा जाऊन हजार व्ह्यूजमागे तुमच्या हाती पडणारी रक्कम. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीचे 55 टक्के तुम्हाला मिळतात. पण ती जाहिरात लिलावात विकली जाते, आणि समोरचा प्रेक्षक आपलं गिऱ्हाईक होईल का, झालाच तर त्याच्याकडून किती मिळेल, हे बघूनच जाहिरातदार बोली लावतो. तुम्ही भरली वांगी किती जीव ओतून केली, याच्याशी त्या बोलीला देणंघेणं नाही.

विषयाचा फरक इथूनच पडतो. गृहकर्ज घेणारं एक गिऱ्हाईक बँकेला वीस वर्षं व्याज देतं, मसाल्याचं पाकीट घेणारं थोडके रुपये. म्हणून कर्ज, विमा, गुंतवणूक या विषयांवर बोली चढते. लहान मुलांच्या व्हिडिओंचं उलट झालं. जानेवारी 2020 पासून यूट्यूबने त्यांच्यावर प्रेक्षकाच्या आवडीनिवडी पाहून दाखवायच्या जाहिराती बंद केल्या. बडबडगीतं तीच राहिली, दर मात्र उतरला.

काळाचंही तसंच. आपल्याकडे दसरा-दिवाळीला, अमेरिकेत थँक्सगिव्हिंग ते नाताळ या दिवसांत जाहिरातदार हात सैल सोडतात. एकाच प्रेक्षकासाठी जास्त जण बोली लावतात आणि भाव चढतो. जानेवारीत सण संपलेले असतात, बऱ्याच कंपन्यांचं नवं बजेट नुकतंच सुरू झालेलं असतं आणि लिलावात गर्दी पातळ होते. त्यामुळे जानेवारीची तुलना डिसेंबरशी करणं चूक आहे. ती मागच्या जानेवारीशीच करायची.

सगळ्यात जास्त फसवतो तो देश. समजा, तुमच्या पुरणपोळीच्या व्हिडिओला महिन्यात एक लाख व्ह्यूज आले. त्यातले 90 हजार भारतातले, हजारामागे 40 रुपये देणारे. उरलेले 10 हजार अमेरिकेतल्या मराठी घरांतले, हजारामागे 300 रुपये देणारे, कारण न्यू जर्सीत बसून पुरणपोळी पाहणाऱ्याला तिथल्या बाजारातल्या जाहिराती दिसतात. भारतातून आले 3,600 रुपये, अमेरिकेतून 3,000. एकूण 6,600, म्हणजे आरपीएम 66.

पुढच्या महिन्यात व्हिडिओ महाराष्ट्रभर चालला. व्ह्यूज पाच लाख झाले, पण अमेरिकेतले 10 हजारच राहिले. आता भारतातून 19,600 आणि अमेरिकेतून तेच 3,000, एकूण 22,600 रुपये. आरपीएम किती? 45 च्या आसपास. दोन्ही देशांतला दर जागच्या जागी आहे, कमाई तिपटीहून जास्त झाली आहे, आणि तरी स्टुडिओत आरपीएमपुढे घसरणीचा बाण दिसतो. हा बाण पाहून घाबरलेला माणूस नेमका तोच व्हिडिओ पुन्हा करायचं टाळतो, ज्याने त्याला सगळ्यात जास्त पैसे दिले.

आरपीएम ही सरासरी आहे, आणि तिच्यात कोण किती प्रमाणात मिसळलं आहे हे कळल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. शॉर्ट्सही याच सरासरीत येतात. त्यांचा दर लांब व्हिडिओपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे एखादा शॉर्ट उसळला की अख्ख्या चॅनेलचा आकडा खाली ओढला जातो.

विषय बदलूनही हमखास पैसे मिळत नाहीत. पाककृती बघायला जमलेला प्रेक्षक फंडाचा व्हिडिओ उघडतच नाही. चढा दर थोड्याशा व्ह्यूजवर मिळून एकूण रक्कम कमीच भरते. शिवाय पैशाचा सल्ला चुकला तर ऐकणाऱ्याचा खिसा रिकामा होतो. ही जबाबदारी केवळ वरच्या दरासाठी अंगावर घ्यायची नसते.

म्हणून माझं सांगणं एवढंच. पुढच्या वेळी आकडा पडला की आधी एकूण कमाई बघा. मग शॉर्ट्स आणि लांब व्हिडिओ वेगळे करा, देशवार कमाई उघडा आणि गेल्या वर्षीचा तोच महिना शेजारी ठेवा. भारतातला दर भारताशी आणि अमेरिकेतला अमेरिकेशी ताडून पाहा. यातलं काहीच घसरलेलं नसेल, तर तुमचं काही बिघडलेलं नाही. कॅमेरा लावा आणि पुढची रेसिपी करा.