तुमच्या आलेखातली पंचवीस युनिटं कुठे गेली?

सांख्यिकीच्या मार्गदर्शकाचे लेखक महोदय,



वाणिज्य शाखेच्या मुलांच्या दप्तरात पाठ्यपुस्तक नसलं तरी तुमचा मार्गदर्शक असतो. त्यामुळे तुम्ही छापता ते मुलं डोळे मिटून उतरवतात. म्हणूनच हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. संचित वारंवारता वक्राच्या प्रकरणात तुम्ही जो आलेख छापला आहे तो चुकीचा आहे. त्याहून वाईट म्हणजे चूक समोर दिसत असताना तुम्ही तिच्यावर एक वाक्य टाकून पुढे गेला आहात.

उदाहरण तुमच्याच पुस्तकातलं घेऊ. एका वसाहतीतल्या 80 घरांचा महिन्याचा वीजवापर दिला आहे. 0 ते 50 युनिटं वापरणारी घरं 8, 50 ते 100 वापरणारी 20, 100 ते 150 वापरणारी 30, 150 ते 200 वापरणारी 14 आणि 200 ते 250 वापरणारी 8. ‘पेक्षा कमी’ संचित वारंवारता झाली 8, 28, 58, 72, 80. इथपर्यंत कोणाचं काही चुकत नाही. आता आलेखकागद घ्यायचा आणि बिंदू ठेवायचे. तुम्ही ते ठेवता 25, 75, 125, 175 आणि 225 वर, म्हणजे वर्गमध्यांवर. मग उभ्या अक्षावरच्या 40 पासून आडवी रेघ ओढता, ती वक्राला लागते तिथून खाली लंब टाकता आणि 95 युनिटं हा मध्यक जाहीर करता.

जरा तुमच्याच कोष्टकाकडे पाहा. 100 पेक्षा कमी युनिटं वापरणारी घरं आहेत 28. चाळिसावं घर 100 च्या अलीकडे सापडेलच कसं? मध्यक ज्या वर्गात असायला हवा त्या वर्गाची हद्दही तुमचं उत्तर ओलांडत नाही. हे पडताळायला वक्र लागत नाही, कोष्टकाची एक ओळ वाचली तरी पुरते.

चूक कुठून आली हे मला ठाऊक आहे. आधीच्या पानावर तुम्ही वारंवारता बहुभुज काढला होता आणि तिथे बिंदू वर्गमध्यांवरच घ्यायचे असतात. ते बरोबर आहे, कारण तिथला आकडा संपूर्ण वर्गाचा असतो. 50 ते 100 मध्ये 20 घरं आहेत, ती त्या वर्गात कुठेही असतील, म्हणून त्यांचा प्रतिनिधी मधोमध बसवायचा. संचित वारंवारता मात्र वेगळं बोलते. ती सांगते, ‘इथपर्यंत इतकी घरं झाली.’ 28 हा आकडा 100 वर पोचल्यावरच खरा ठरतो. 75 वर उभं राहून 28 घरं झाली म्हणणं खोटं आहे, कारण तोपर्यंत दुसऱ्या वर्गातली निम्मी घरं अजून यायची आहेत. वर्गात घरं सारखी पसरली आहेत असं धरलं, आणि ही सगळी रीत तसंच धरून चालते, तर 75 पर्यंत 18 घरं होतात. म्हणून बिंदू वरच्या वर्गमर्यादेवर, म्हणजे 50, 100, 150, 200, 250 वर ठेवायचे आणि वक्र सुरू करायचा 0 वर, शून्य घरांपासून. तुमचा वक्र 25 वर अधांतरी सुरू होतो आणि 225 वर संपतो. तुमच्या हिशेबाने सगळी 80 घरं 225 युनिटांच्या आत आली. कोष्टकातला शेवटचा वर्ग 250 पर्यंत जातो, हे तुम्हीच लिहिलं आहे.

आता ते वाक्य. त्याच पानावर तुम्ही सूत्राने मध्यक काढला आहे: 100 + (40 − 28) ÷ 30 × 50 = 120. बरोबर आहे. खाली आलेखाचं उत्तर 95, आणि त्यापुढे तुमचा खुलासा, ‘आलेखावरून काढलेल्या उत्तरात थोडा फरक पडतो.’ थोडा? तुमचं प्रमाण 2 सेंटीमीटरला 50 युनिटं आहे. म्हणजे फरक झाला पुरा 1 सेंटीमीटर, आलेखकागदावरची दहा बारीक घरं. पेन्सिलीचं टोक बोथट असेल तर अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतो आणि उत्तर सव्वा ते अडीच युनिटांनी हलतं. तो नजरेचा फरक. तुमचा फरक बरोबर अर्ध्या वर्गांतराइतका आहे आणि प्रत्येक उदाहरणात, वर्गांतरं सारखी असली की, तो तेवढाच येणार. बिंदू सरळ रेषांनी जोडले तर सूत्र आणि वक्र एकच गृहीत वापरतात. दोन्ही उत्तरं जुळलीच पाहिजेत, आणि मोठा फरक दिसला की बिंदू तपासायला बसायचं.

शंका असेल तर आयतालेख काढा. तिथे मध्यकावरची उभी रेघ सगळ्या क्षेत्रफळाचे दोन सारखे भाग करते. 120 वर रेघ ओढली तर डावीकडे 8, 20 आणि तिसऱ्या आयतातली 12 मिळून 40 घरं येतात. तुमच्या 95 वर ओढली तर डावीकडे 26 आणि उजवीकडे 54. याला मध्यक म्हणायचं असेल तर ‘मध्य’ कशाला म्हणायचं ते तुम्हीच मुलांना सांगा.

तुमच्या पुढच्या उदाहरणात तर ही चूक बेमालूम लपली आहे. तिथे ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा जास्त’ असे दोन्ही वक्र काढून त्यांच्या छेदनबिंदूवरून मध्यक वाचला आहे. वरच्याच आकड्यांवर तुमच्या रीतीने, दोन्ही वक्रांचे बिंदू वर्गमध्यांवर ठेवून मी ते करून पाहिलं. वक्र 119 वर छेदतात! उत्तर 120 च्या इतकं जवळ की तपासणारा खूण करून मोकळा होईल. कारण साधं आहे. ‘पेक्षा कमी’चे बिंदू वरच्या मर्यादेवरून डावीकडे सरकले, ‘पेक्षा जास्त’चे खालच्या मर्यादेवरून उजवीकडे सरकले, आणि दोन चुकांनी एकमेकींना जवळपास पुसून टाकलं. पण छेदनबिंदूची उंची पाहा. ती 54 च्या आसपास आहे. 80 घरांचे दोन वक्र 40 वरच छेदायला हवेत, कारण तिथे जितकी घरं खाली तितकीच वर. उंची 40 नाही, म्हणजे आलेख चुकला, मग खालचं उत्तर कितीही बरोबर दिसो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने ही उंची वाचली आणि विचारलं, ‘मॅडम, हे 54 कसं काय?’ तुमच्या पुस्तकाच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, पण हा प्रश्न तुम्हाला पडला नाही. पडला असेल तर ‘थोडा फरक पडतो’ हे वाक्य तुम्ही जाणूनबुजून लिहिलं, आणि तो गुन्हा जास्त मोठा आहे. कारण ते वाक्य वाचून मुलं हेच शिकतात की दोन उत्तरं जुळली नाहीत तरी हरकत नाही.

नवी आवृत्ती काढण्याआधी शुद्धिपत्र काढा. ‘पेक्षा कमी’ वक्राचे सगळे बिंदू 1 सेंटीमीटर उजवीकडे न्या, ‘पेक्षा जास्त’चे तेवढेच डावीकडे, पहिल्या वक्राची सुरुवात 0 ला आणि दुसऱ्याचा शेवट 250 ला आडव्या अक्षावर टेकवा, आणि ते वाक्य काढून टाका. आणि ज्या शिक्षकांच्या हाती आज जुनी आवृत्ती आहे त्यांना माझी विनंती: उद्या वर्गात ते दोन वक्रांचं पान उघडा आणि मुलांना छेदनबिंदूची उंची वाचायला लावा.

आपली,
सांख्यिकी शिकवणारी एक शिक्षिका