मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहू पाहणाऱ्या सद्गृहस्थास खुले पत्र

जामीनदारसाहेब,

आपल्या दिलदारपणाला तोड नाही. हमीपत्रातला रकमेचा रकाना कोरा दिसत असूनही ‘नंतर भरतील’ म्हणत आपण पानोपानी सह्या करायला पेन उघडलेत. भाजी घेताना मात्र आपण वजनाचा काटा निरखून पाहता.

आपली भिस्त एका समजुतीवर आहे. बँक आधी मेव्हण्याला धरेल, त्याचे तारण विकेल आणि उरलेसुरले आपल्याकडे मागेल! पण करार कायदा, 1872 चे कलम 128 सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कर्जदाराकडची वसुली संपेपर्यंत धनकोला थांबवून ठेवता येत नाही. त्यातून ‘संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’ असे छापलेले असेल, तर दोन जामीनदारांपैकी सुस्थितीतल्या एकाकडेच सगळी रक्कम मागता येते. तो एक कोण, हे आपली पगाराची स्लिप पाहून बँकेने ओळखलेच असेल.

आता हमीपत्र आणि कर्ज करार शेजारी ठेवा. समजा, करारात 5 लाखांचे मुदत कर्ज आहे आणि हमीपत्रात ‘सध्याचे व यापुढे दिले जाणारे सर्व कर्ज’ आहे. ही झाली चालू हमी. उद्या मेव्हण्याने आणखी 3 लाख उचलले, तर तेही आपल्या माथी येऊ शकतात. कलम 130 प्रमाणे नोटीस देऊन ही हमी पुढच्या व्यवहारांपुरती मागे घेता येते, पण झालेल्या उचलीतून सुटका नाही. म्हणून कर्ज खात्याचा क्रमांक आणि ‘रु. 5 लाख मुद्दल व त्यावरील व्याज-खर्च यापुरतीच हमी’ असे अक्षरी लिहून घ्यावे. व्याजाचा दर आणि मुदत करारातलीच आहे ना, तेही पाहावे. आपल्याला न विचारता अटी बदलल्या तर कलम 133 पुढच्या व्यवहारांपुरते जामीनदाराला मोकळे करते, पण छापील फॉर्ममध्ये हा हक्क सोडल्याचे वाक्य बहुधा असतेच. ते वाचावे, चष्मा लावून.

आपण म्हणाल, फॉर्म छापील आहे, बँक एक अक्षर बदलणार नाही. खरे आहे, छापील अटींवर बँक सहसा हटत नाही. पण कोरे रकाने छापलेले नसतात, ते आपल्यासमोरच भरता येतात. दुसऱ्या जामीनदाराची सही झाल्याशिवाय आपली हमी लागू नाही, असे ठरले असेल तर तेही लिहून घ्यावे. तशी अट असूनही तो सही न करता निसटला, तर कलम 144 नुसार आपली हमीच टिकत नाही. अट नुसती बोलण्यात राहिली, तर ती सिद्ध करत बसायचे काम आपले.

राहिला प्रश्न मेव्हण्याला वाईट वाटण्याचा. कर्ज देताना बँकेने त्याची पगारपत्रके, सातबारा आणि जुनी कर्जे तपासली, तेव्हा तो रुसला नव्हता. आपण फक्त दोन कागद जुळवून पाहतो आहोत. रकमेचा रकाना भरून होईपर्यंत पेनाचे टोपण लावून ठेवा आणि भरलेल्या हमीपत्राची प्रत हाती घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.

आपला,
एक हितचिंतक