दोन पैंची नस्ती

तालुक्याच्या गावाला देऊळ, तलाव आणि बाजारपेठ यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट परंपरेने लाभलेली असते, ती म्हणजे पेन्शनीत निघालेला अव्वल कारकून. पनवेलला वडाळे तलाव आहे, बल्लाळेश्वर आहे, आणि खेरीज भाऊसाहेब आहेत. भाऊसाहेब हे त्यांचे नाव नव्हे. कचेरीच्या पायरीवर उभा राहणारा प्रत्येक कुळकरी गेली चाळीस वर्षे ज्या नावाने हाक मारीत आला, ते त्यांच्या अंगाला इतके चिकटले की घरची मंडळीसुद्धा त्यांना त्याच नावाने ओळखतात. उंची मध्यम, टोपी काळी, छत्री बारमाही, आणि कोटाच्या वरच्या खिशात शिसपेन्सिलीचा असा तुकडा की जो कधी नवा होता यावर कोणाचाही विश्वास बसू नये.

या गृहस्थांचे व्यसन एकच, आणि ते पान खाण्याचे नसून पाने मोजण्याचे आहे; किंबहुना पानांवर घातलेले आकडे मोजण्याचे आहे. वाचनालयात नवे पुस्तक आले की इतर सभासद लेखकाचे नाव पाहतात, कोणी किंमत पाहतो, एखादा धीट गृहस्थ शेवटचे प्रकरण आधी वाचून टाकतो. भाऊसाहेब मात्र पुस्तक उलटे धरून शेवटच्या पानाचा क्रमांक पाहतात, क्षणभर डोळे मिटतात आणि अभिप्राय देतात. मागे कोणीतरी त्यांच्यापुढे अडीचशे पानांची कादंबरी ठेवून ‘कशी आहे?’ म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी अत्यंत गंभीरपणे ‘बरी आहे, सहाशे बेचाळीस आकडे आहेत’ असे उत्तर दिले होते.

हा हिशेब ते इतक्या वेगाने कसा करतात याचे नवख्या मनुष्यास आश्चर्य वाटते; परंतु रीत अगदी सरळ आहे, आणि ती कोणी न विचारताही समजावून सांगण्यास भाऊसाहेब सदैव सिद्ध असतात. पहिल्या नऊ पानांना एकेक आकडा लागतो, म्हणून नऊ. दहापासून नव्याण्णवपर्यंत नव्वद पाने, त्यांना दोन दोन आकडे, म्हणजे १८०; दोन्ही मिळून १८९. यापुढे प्रत्येक पान तीन आकडे खाते. तेव्हा कोणत्याही तीन आकडी पुस्तकाचा हिशेब १८९ या रकमेपासून सुरू करावयाचा, आणि शंभराव्या पानापासून पुढची पाने तिप्पट करून तीत मिळवावयाची.

येथवर श्रोता निमूटपणे मान डोलावीत असतो, आणि येथेच भाऊसाहेब त्याची वाट पाहात दबा धरून बसलेले असतात. ‘नोंदवही ३१२ पानांची, तर शंभरापासून ३१२ पर्यंत पाने किती?’ असा प्रश्न ते सहज विचारल्यासारखा विचारतात. शिकलासवरलेला मनुष्य ३१२ मधून १०० वजा करून २१२ म्हणतो, आणि भाऊसाहेबांच्या मुद्रेवर तीर्थयात्रा सफल झाल्याचे समाधान पसरते. वजाबाकीत आरंभाचे शंभरावे पानच गिळले गेले. पाने २१३ आहेत. त्यांची तिप्पट ६३९, त्यात १८९ मिळविले की ८२८. उलट खात्री करावयाची तर ८२८ मधून १८९ वजा करा, राहिलेल्या ६३९ ला तिनाने भागा, आलेल्या २१३ मध्ये ९९ मिळवा, की पुन्हा ३१२ हजर. वजाबाकीत एकाची चूक करणारा मनुष्य पुढे मुदतीचे दिवस मोजतानाही तीच चूक करतो, हे त्यांचे मत आहे, आणि ज्यांनी तगाईचे हप्ते भरले आहेत ते या मताशी वाद घालीत नाहीत.

आता हा छंद केवळ बुद्धीचा विलास आहे असा कोणाचा समज झाला, तर तो भाऊसाहेबांवर अन्याय होईल. सरकारी नोंदवही म्हटली की तिच्या प्रत्येक पानावर क्रमांक घालून ‘या नोंदवहीत अमुक ते अमुक पृष्ठे आहेत’ असा दाखला पहिल्याच पानावर द्यावा लागतो, व त्याखाली साहेबांची सही होते. कारण क्रमांक नसलेले पान फाडणे ही कला आपल्याकडे फार पुरातन आहे. भाऊसाहेबांच्या उमेदीच्या काळी येथल्याच एका कचेरीत हे क्रमांक शून्य ते नऊ अशा दहा सुट्या रबरी ठशांनी उठविले जात. त्यांत एकाचा ठसा सर्वांआधी झिजत असे. नवा ठसा मागविताना वरून शेरा आला, की सर्व ठसे एकाच दिवशी घेतलेले असता एकच का झिजला? तेव्हा भाऊसाहेबांनी जे टिपण सादर केले ते पाठ असलेली माणसे अद्याप हयात आहेत, आणि त्यांना ते विसरू न देण्याची दक्षता भाऊसाहेब घेत असतात.

टिपण असे होते. एकं, दहं, शतं ही तिन्ही स्थाने वेगवेगळी तपासावी. ३१२ पानांत एकं स्थानी एकाचा आकडा दर दहा पानांस एकदा येतो. पूर्ण दहांचे गट एकतीस, म्हणून ३१, आणि उरलेल्या दोन पानांपैकी ३११ चा एक, मिळून ३२. दहं स्थानी तो दर शंभरात दहा वेळा येतो. तीन शतकांचे तीस, आणि ३१०, ३११, ३१२ यांचे तीन, मिळून ३३. शतं स्थानी तो शंभरापासून एकशे नव्याण्णवपर्यंत ठाण मांडून बसतो, ते शंभर. एकंदर १६५. नवाची स्थिती पाहावी, तर एकं स्थानी ३१, दहं स्थानी ३०, आणि शतं स्थानी त्यास प्रवेशच नाही, एकंदर ६१. सबब एकाने नवाच्या अडीचपटीहून अधिक चाकरी केली असून झीज वाजवी आहे. टिपणाच्या अखेरीस, दोनाचा ठसाही १६२ वेळा उठतो, तरी तोही याच मागणीत मंजूर व्हावा, अशी दूरदर्शी विनंती होती.

गावातल्या एका शिक्षकाने या टिपणावर आक्षेप घेतला, की एक ते नव्याण्णव पानांत एकाचा आकडा असलेली पाने आपण स्वतः मोजली असून ती एकोणीसच भरतात, भाऊसाहेब मात्र वीस सांगतात. भाऊसाहेबांनी त्यांना अकरावे पान दाखविले. एकाचा आकडा कितीदा उठला हा एक प्रश्न, आणि तो किती पानांवर आहे हा दुसरा. झिजणाऱ्या ठशाला पहिल्याशीच कर्तव्य असते. पुढे ०००००१ असे क्रमांक आपोआप उठविणारे लोखंडी यंत्र कचेरीत आले, तेव्हा भाऊसाहेबांना मनापासून दुःख झाले. आरंभीची शून्ये सोडीत नसलेल्या त्या यंत्रात शेवटच्या तीन चाकांवर ००० पासून ९९९ पर्यंत प्रत्येक आकडा बरोबर तीनशे वेळा येतो. हाताने घातलेल्या क्रमांकांत शून्याच्या वाट्याला १८९ च येतात, कारण सातव्या पानावर कोणी शहाणा ००७ लिहीत नाही. सर्वांना सारखी मजुरी देणाऱ्या यंत्रात त्यांना रस वाटेना.

स्थानिक इतिहासाचाही त्यांना अभिमान आहे, पण तो त्यांच्या रीतीचा. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचा विषय निघाला, की ते पुण्याला लष्करी हिशेब खात्यात कारकून होते ही गोष्ट भाऊसाहेब अशा थाटात सांगतात, जणू बंड हे त्या नोकरीतील एक रजेचे प्रकरण होते. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, हे कोणी म्हटले की ‘१८५२ पानांच्या ग्रंथाला ६३०१ आकडे लागतात’ ही माहिती ते ऐतिहासिक पुरवणी म्हणून जोडतात. आम्ही ती पडताळून पाहिली, बरोबर आहे.

परंतु त्यांच्या कीर्तीचा कळस चढला तो आणे-पै अजून चालू असताना, आणि जिल्ह्याचे नाव कुलाबा असताना. क्रमांक घालण्याचे काम एका उमेदवारास आकडी एक पै या दराने दिले होते. त्याने ठशागणिक रेघ ओढून मोजदाद ठेवली, आणि नोंदवही बांधणीस गेल्यावर ८३० आकड्यांचे, म्हणजे चार रुपये पाच आणे दोन पैंचे बिल पुढे केले. भाऊसाहेबांनी वही पाहिली नाही, बिलच पाहिले, आणि ते परत सारीत म्हणाले, ‘अरे, ही वही अस्तित्वात असूच शकत नाही.’

८३० मधून १८९ गेले, राहिले ६४१. तिनाने भागावे तर दोन उरतात. एकापासून ओळीने क्रमांक घातलेल्या कोणत्याही तीन आकडी वहीला ८३० आकडे लागणे अशक्य आहे. ८२८ लागतील, नाहीतर ८३१. उमेदवार शपथेवर सांगू लागला, की रेघा चुकलेल्या नाहीत. वही परत मागविली, शेवटचा क्रमांक ३१२ निघाला, म्हणजे दोनच आकडे जास्त होते. भाऊसाहेबांनी शंभरापुढच्या पानांना हातही लावला नाही. तेथे एखादा क्रमांक दुबार पडला असता तर वाढ तीनची झाली असती. वाढ दोनची, म्हणून ते दहापासून नव्याण्णवपर्यंतच पाने उलटीत गेले, आणि सत्तावीस क्रमांकाची दोन पाने एकमेकांस पाठ लावून बसलेली त्यांना सापडली. या युक्तीला मर्यादा आहे, हे मात्र ते प्रामाणिकपणे सांगतात: एक दोन आकडी क्रमांक दुबार पडून दुसरा तसाच एखादा सुटला असता, तर बेरीज निर्दोष राहिली असती, आणि तेव्हा पान पान उलटण्यावाचून गत्यंतर नव्हते.

उमेदवाराची रेघ खरी ठरली, आणि प्रश्न अधिकच बिकट झाला. दुसऱ्या सत्तावीसला शिरस्त्याप्रमाणे ‘२७-अ’ करावयाचे होते. पान खरे, त्याला क्रमांक लागणारच, ठसेही उठलेले. तेव्हा दोन पै देणे प्राप्त होते. पण चुकीबद्दल मजुरी द्यावी काय? आणि उमेदवाराने आता हाताने लिहिलेल्या ‘अ’बद्दल तिसरी पै मागितली होती, तर ‘अ’ हा आकडा समजावा काय? भाऊसाहेबांनी या मुद्द्यांवर मार्गदर्शन मागितले. वरून खुलासा मागविण्यात आला, खुलाशावर शेरा आला, शेऱ्यावर कैफियत गेली. निर्णय येईतो त्या नस्तीची अकरा पाने झाली होती, आणि तिच्यावर क्रमांक घालण्याबद्दल त्याच उमेदवाराने तेरा आकड्यांचे, एक आणा एक पैचे, निराळे बिल सादर केले. ते भाऊसाहेबांनी तपासून बिनतक्रार मंजूर केले.