हेडमास्तरांनी दिलेला वाढदिवस

महाराष्ट्रात १ जूनला इतकी माणसं कशी जन्माला आली, हा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. आपल्याला उत्तर माहीत असतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी खेड्यातला बाप मुलाचा हात धरून शाळेत यायचा. हेडमास्तर विचारायचे, ‘‘जन्मतारीख?’’ बाप म्हणायचा, ‘‘पेरण्या चालू होत्या बघा.’’ किंवा, ‘‘मोठा पूर आला त्याच्या पुढल्या साली.’’ पुराला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मुलाचं वय त्या महिन्यात बसणं सोयीचं असायचं. मग हेडमास्तर टाक शाईत बुडवून १ जून लिहायचे. एकाच बाकावरची चार मुलं चार वेगवेगळ्या आयांच्या पोटी एकाच दिवशी जन्मायची.

आमचे काकाजी त्यांतलेच. गाव वर्धा जिल्ह्यातलं. त्यांच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा जन्म तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. विदर्भात त्या दिवशी पोरंटोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. ‘‘साऱ्या गावातले बैल माझ्या स्वागताला निघाले होते,’’ असं काकाजी सांगतात. पण रजिस्टरात १ जून. त्याचा आणखी एक चटका असा, की सरकारी नियमानुसार महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे काकाजींना ३१ मे रोजी नारळ मिळाला. पोळा धरला असता तर पावसाळा पगारावर निघाला असता. म्हणून ते १ जूनला ‘माझा वाढदिवस’ म्हणत नाहीत, ‘हेडमास्तरांनी दिलेला वाढदिवस’ म्हणतात.

तर या दिवशी सकाळी साडेसहापासून काकाजींचा फोन टणटणायला लागतो. घरात लग्न असावं अशी गर्दी आत होते. दव पडलेले गुलाब. तीन मजली केक. कधीही न वितळणाऱ्या मेणबत्त्या. गणपती, साईबाबा आणि एका चित्रात दोघेही. झेंडूचं तोरण, रांगोळी आणि पणत्या, म्हणजे दिवाळीत उरलेला माल. वर ‘शुभ दीपावली’ होतं तिथे आता ‘वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छा’ आलं आहे, आणि ‘हार्दिक’मधली वेलांटी दीर्घ झाली आहे, बहुधा आनंदाने. एका चित्रात तर खाली कोपऱ्यात टोपी घातलेले गृहस्थ हात जोडून उभे होते आणि त्यांच्या छातीवर ‘शुभेच्छुक : भावी नगरसेवक’ असं होतं. काकाजींनी चष्मा पुसून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. चित्र पाठवलं होतं त्यांच्या सख्ख्या भाच्याने. ‘‘भाच्याच्या शुभेच्छा आहेत का या माणसाच्या?’’ त्यांनी विचारलं. ‘‘आणि याला मत द्यायचं तर वॉर्ड कोणता?’’

या चित्रांना कोरडी म्हणून नावं ठेवणं सोपं आहे, पण दोष पाठवणाऱ्याच्या मनात नसतो, चित्राच्या घडणीत असतो. जरा त्या चित्राच्या बाजूने विचार करा. त्याला हातोहात पुढे जायचं आहे. त्यात ‘काकाजी’ असं लिहिलं तर ते मावशीकडे जाणार नाही. ‘पंचाहत्तरी’ लिहिलं तर चाळिशीतल्या मेव्हण्याशी अडेल. ‘नागपूरची संत्री’ म्हटलं तर रत्नागिरीत कोणी हात लावणार नाही. म्हणजे जे जे एकाच माणसाला लागू पडतं ते ते गाळल्याशिवाय चित्राचा प्रवास होत नाही. सगळं गाळून झाल्यावर जे उरतं ते गुलाब आणि केक. जे चित्र सर्वांत लांबून आलेलं असतं ते सर्वांत जास्त गाळलेलं असतं, आणि नेमकं तेच आपल्यापर्यंत पोहोचतं.

बरं, हे लपतही नाही. जुलै २०१८पासून व्हॉट्सॲप अशा संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी पाटी लावतं. पुढे दुहेरी बाण आला. तो दिसला की समजावं, माल मूळ धन्यापासून निदान पाच हात फिरून आला आहे. आणि २०२०पासून असा दुहेरी बाणाचा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी ढकलता येतो. हे सगळं केलं अफवा रोखायला. गुलाबाची गोष्ट कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. पण अफवेला जो शिक्का तोच शुभेच्छेला बसला. काही हुशार लोक चित्र आधी फोनमध्ये उतरवून घेतात आणि मग नव्याने पाठवतात; पाटी जाते. भावी नगरसेवक मात्र जात नाहीत.

मी हे सगळं तावातावाने बोलत होतो तेव्हा काकाजींनी माझा फुगा फोडला. काकाजी तारखात्यातले. ‘‘अरे बाप्पा, आमच्याकडे तर चित्र पण नव्हतं. नंबर होते,’’ ते म्हणाले. शुभेच्छांच्या तारांसाठी खात्याने वाक्यं आधीच ठरवून ठेवलेली होती. दिवाळी, ईद, लग्न, परीक्षेतलं यश, वाढदिवस, प्रत्येकाला क्रमांक. गिऱ्हाईक यादी पाहून नंबर सांगायचं, तारेवरून नुसता नंबर जायचा, आणि पलीकडचा मास्तर यादी काढून पूर्ण वाक्य उतरवायचा. देशभरातल्या नवरा-नवरींना त्याच मोजक्या वाक्यांत आशीर्वाद मिळाले आणि त्यांचे संसार झाले. ‘‘त्या तारा लोकांनी जपून ठेवल्यात. फ्रेम केल्यात. मग?’’

मुद्दा बिनतोड वाटला, पण काकाजींनीच तो पुढे सोडवला. नंबर सगळ्यांना सारखा असला तरी फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, घर, गल्ली, गाव हाताने लिहावं लागे. खिडकीसमोर रांग असे. शब्दांचे पैसे पडत. तार हातात आली की घेणाऱ्याला दिसे, की हा माणूस माझ्यासाठी उठून, चप्पल घालून, पोस्टात गेला. वाक्य सरकारचं, चप्पल त्याची. १४ जुलै २०१३च्या रात्री तार बंद झाली, तेव्हा वाक्यं काही संपली नाहीत. ती गुलाबावर जाऊन बसली. रांग तेवढी गेली. चित्र पाठवायला आता अंगठा लागतो, आणि तो अंगठा तसाही फोनवरच असतो.

मग एका १ जूनला दुपारी पुण्याच्या चुलतबहिणीचा संदेश आला. तिने चित्र पाठवलं होतं तेच तीन मजली केकचं, सकाळपासून चौघापाचांनी पाठवलेलं. खाली लिहिलं होतं :

‘‘काकाजी, तान्ह्या पोळ्याला माझ्या लाकडी बैलाला तुम्ही तांब्याच्या तारेची शिंगं करून दिली होती. तो बैल आता माझ्या पोराकडे आहे आणि डावं शिंग निसटलंय, तर तार किती जाडीची घेऊ?’’

काकाजी खुर्चीतून उठले. चष्मा बदलला. सकाळपासून ते सगळ्यांना एकच जोडलेल्या हातांचं चिन्ह पाठवत होते, आणि काकूंनी शिकवल्यापासून ‘आपण दिलेल्या शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार’ असं कमळाचं चित्र. म्हणजे गुलाबाला कमळ. दोन्हीकडची माणसं चहा प्यायला मोकळी. या संदेशाला मात्र त्यांनी एका बोटाने टाइप करत पाऊण तास उत्तर लिहिलं. चौदा गेज नको, जाड पडते, जुनं लाकूड चिरेल. अठरा घे. भोक मोठं झालं असेल तर काडेपेटीची काडी ठोक, मग तार. पोराला म्हणावं आधी वाकवायची, मग खोचायची. आणि मग काकूंना म्हणाले, ‘‘केकही पाहा किती चांगला निवडला पोरीनं.’’ तोच केक!

मी नंतर त्या दोन ओळी उलटसुलट करून पाहिल्या. त्यांत शुभेच्छा हा शब्दच नाही. ‘तुम्ही किती प्रेमळ’ वगैरे काही नाही. प्रेमळ सगळेच काका असतात, चित्रातसुद्धा. पहिल्या ओळीत एक वस्तू आहे, हाताने केलेली, एका ठरावीक सणाची. दुसरी ओळ प्रश्न आहे, आणि तो असा आहे की त्याचं उत्तर याच माणसाकडे आहे. ‘कसे आहात?’ याला काकाजी ‘ठीक’ म्हणतात आणि विषय मिटतो. गेज विचारलं की तारखातं पुन्हा उघडतं. शिवाय पोरीने १ जून मुकाट चालवून घेतला आणि पोळ्याची आठवण काढली, म्हणजे हेडमास्तरांचा हिशेबही परस्पर चुकता केला.

दोन ओळी लिहायला बसलेल्यांचे घोटाळेही मी पाहिले आहेत. एक आतेभाऊ वडीलधाऱ्यांना आठवण म्हणून पाठवतो ती नेहमी त्याच्याच पराक्रमाची असते. ‘तुम्हाला आठवतं का, मी तुमची स्कूटर एका लाथेत सुरू केली होती?’ वाढदिवस कोणाचा ते शेवटपर्यंत कळत नाही. एक वहिनी काळजीपोटी ‘आता गोड जपून खा’ लिहिते, वर श्रीखंडाचं चित्र. दोनाच्या बारा ओळी झाल्या तर माणसाला आपला सत्कार आहे की शोकसभा असा संशय येतो. आणि जे दोघांतलं आहे ते चाळीस जणांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं की काकाजी लाजून ‘धन्यवाद’ म्हणतात आणि गप्प बसतात. ते त्यांच्या स्वतःच्याच नंबरवर जायला हवं.

चित्र कुठे पार हरतं ते आमच्या नागपूरच्या मावशीकडे दिसलं. मावशीचे यजमान गेले त्यानंतरचा तिचा पहिला वाढदिवस. फोनवर फुगे उडत होते, केक नाचत होते, ‘जोडी सदैव हसत राहो’ असंही एकाने पाठवलं. त्याला दोष काय द्यायचा. चित्राला वर्तमानपत्र वाचता येत नाही. शेजारच्या बाईंनी फक्त लिहिलं, ‘‘आज संध्याकाळी फिरायला मी येते. नेहमीच्याच रस्त्याने जाऊ.’’ मावशीने तेवढा एक संदेश ठेवला, बाकीचा फोन रिकामा करून घेतला, माझ्याकडूनच.

काकाजींच्या शिंगाच्या उत्तराचा बोभाटा मात्र घरभर झाला. माझ्या थोरल्या बंधूंनी हे ऐकलं आणि त्यांना पटलं. बंधू व्यवहारी. त्यांचे सासरेही १ जूनचेच. जन्म गिरगावातल्या चाळीत, उभ्या आयुष्यात बैल पाहिला तो चित्रातच. पुढच्या १ जूनला बंधूंनी पुण्याच्या बहिणीच्या त्या दोन ओळी जपून ठेवलेल्या होत्या त्या काढल्या, ‘काकाजी’ पुसून ‘बाबा’ केलं आणि केकसकट पाठवून दिल्या. दहाव्या मिनिटाला फोन आला. सासऱ्यांचा आवाज अत्यंत सौम्य होता.

‘‘जावईबापू,’’ ते म्हणाले, ‘‘मी शिंगं कोणाला लावली म्हणता?’’