मनमिळाऊ

आमचे साहेब शिफारसपत्राला कधीच नाही म्हणत नाहीत, हीच तर अडचण आहे. तुमच्याही ऑफिसात असे एक असतीलच. कुणी टेबलापाशी येऊन घुटमळला की यांचा हात ड्रॉवरकडे जातो. पत्र तयारच असतं: उमेदवार हुशार, कष्टाळू, होतकरू आणि मनमिळाऊ. त्यातलं ‘मनमिळाऊ’ साहेबांचं खास लाडकं. सिमेंटच्या गोण्यांच्या हिशेबात घोळ घालून गेलेला स्टोअरकीपर मनमिळाऊ होता. प्लंबरच्या कानाखाली वाजवणारा सुपरवायझरही मनमिळाऊ. जुना काँक्रीट मिक्सर विकायला काढला, तेव्हा त्याच्या वर्णनातही साहेबांचं पेन त्या शब्दापाशी घुटमळलेलं मी पाहिलं आहे.

आमच्या ज्युनियर इंजिनिअर मुलीला बांधकाम व्यवस्थापन शिकायला परदेशी जायचं होतं. साहेबांनी लगोलग पत्र हातावर ठेवलं. पहिल्या परिच्छेदात ती ‘ती’ होती, तिसऱ्यात ‘तो’ झाली होती, कारण पत्र मुळात आधी गेलेल्या मुलाचं. मनमिळाऊ मात्र दोघंही. “थँक यू सर” म्हणून ती बाहेर आली आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून नुसती उभी राहिली.

मी आत गेलो. “साहेब, हिने नेमकं केलं काय, ते यात कुठेच नाही.”

“केलं काय? डोकं खाल्लं माझं!” आणि साहेब सुटले.

झालं होतं असं. काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं 150 मिलिमीटरच्या साच्यांत भरून ठोकळे करतात आणि 7 व्या आणि 28 व्या दिवशी ते यंत्रात दाबून फोडतात. किती दाबाला फुटला, ती त्याची ताकद. एका साइटचे आकडे सलग तीन स्लॅबना 31.4, 31.5, 31.4 असे येत होते. एम 25 च्या काँक्रीटला उत्तमच. सगळे खूश. हिने मात्र रजिस्टर साहेबांपुढे आपटलं.

“म्हणते कशी, सर, खरं काँक्रीट इतकं एकसारखं येतं का? वाळू ओली असते, पाणी कमी-जास्त होतं, आकडे हलायलाच हवेत. रोज तेच! शेवटी न सांगता साइटवर गेली. बघते तर ठोकळ्यांसाठी बाजूला घमेल्यात जास्तीचं सिमेंट घालून वेगळा माल कालवलेला. आणि स्लॅबच्या मालात पसरायला सोपं जावं म्हणून पाइपने पाणी! काम थांबवलं हो पोरीने. कंत्राटदार मला फोनवर वाट्टेल ते बोलला. हिने मिक्सरमधून पडणाऱ्या मालाचे ठोकळे स्वतः भरले, वर तारीख कोरली. 7 व्या दिवशी 16-17 यायला हवेत, तिथे 13 आले. मग आधीच्या स्लॅबचेही गाभे काढून तपासावे लागले. खर्च कुणाचा? भांडण किती!”

“साहेब,” मी म्हटलं, “एकसारखे आकडे आले की संशय येतो, नाही का?” आणि त्यांच्या फाइलमधली मागची चार पत्रं शेजारी-शेजारी मांडली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “बसा. टाइप करा.”

त्यांची तक्रार मी जवळजवळ तशीच उतरवली, फक्त कंत्राटदाराचे शब्द गाळले. आधी एका ओळीत, साहेब तिचं काम कधीपासून आणि कुठल्या नात्याने पाहतात. मग ठोकळ्यांचा प्रसंग: तिला काय खटकलं, तिने काय केलं, ती गप्प बसली असती तर काय झालं असतं. विशेषण एकही नाही. ‘चिकाटी’ लिहायला साहेबांची बोटं शिवशिवत होती, पण कोरलेल्या तारखा आधीच येऊन गेल्या होत्या.

विद्यापीठाच्या फॉर्मवर चौकटी होत्या: हाताखालच्या लोकांत हिचा क्रमांक कितवा? साहेब आजवर डोळे मिटून सगळ्यात वरच्या चौकटीत खूण करत आले. या वेळी थांबले. “ड्रॉइंगला फार वेळ लावते. अहवाल पाच पानी लिहिते, एका पानात सांगता येत नाही.” त्यांनी दुसऱ्या चौकटीत खूण केली आणि कारणही लिहायला लावलं. मला वाटलं, पोरीचं नुकसान केलं. पण पुन्हा वाचलं, तेव्हा त्या दोन ओळींमुळेच वरचा ठोकळ्यांचा प्रसंग खरा वाटत होता.

शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने भर घातली: “ही भांडते. भांडायला येताना रजिस्टर घेऊन येते, म्हणून हरवता येत नाही.” लिहून झाल्यावर बराच वेळ खाली बघत राहिले. त्या रजिस्टरच्या धाकाने कंत्राटदार सरळ वागू लागले होते, हे ऑफिसात सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं असणार.

फॉर्मचा शेवटचा प्रश्न होता: संधी मिळाली तर हिला पुन्हा कामावर घ्याल का? साहेबांनी लिहिलं, “ताबडतोब, आणि पगार वाढवून.”

“हेच गेल्या इन्क्रिमेंटला लिहिलं असतंत, तर हा फॉर्म भरावा लागला नसता,” अकाउंट्सच्या बाई दारातून म्हणाल्या. साहेबांना ते ऐकू आलं नाही.